चार लिहिला, आठ वाचला: कार्ड नंबरातला शेवटचा अंक काय पकडतो

क्रेडिट कार्डाचं बिल चेकने भरणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुधा वयाने मोठी असतात. चेक लिहायचा, मागच्या बाजूला कार्ड नंबर आणि मोबाइल नंबर टाकायचा, सोबतची स्लिप भरायची आणि ड्रॉप बॉक्समध्ये सोडून द्यायचं. तिथून पुढे तो कागद एका टेबलावर येतो आणि कुणीतरी तो सोळा अंकी नंबर स्क्रीनवर टाइप करतं. त्या टेबलावर मी काही वर्षं काढली आहेत.

एका दुपारी आलेली स्लिप आठवते. बॉलपेनने, सावकाश, एकेका चौकोनात एकेक अंक लिहिलेला. मी नंबर टाइप केला, एन्टर दाबलं, पण कर्सर पुढच्या रकान्यात गेलाच नाही. रकाना लाल झाला. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच टाइप केलं, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी स्लिप उजेडात धरली तेव्हा लक्षात आलं की काकांनी बाकी सगळे अंक इंग्रजीत लिहिले होते, पण चार मात्र आपल्या शाळेतला, देवनागरी ४. त्याचं खालचं गाठोडं बंद, वरची दोन टोकं जवळजवळ चिकटलेली. मी तो 8 वाचत होतो.

आमच्याकडे प्रत्येक नोंद दोघांच्या नजरेखालून जायची. एक टाइप करणारा मेकर, दुसरा तपासणारा चेकर. पण चेकरनेही तो 8 च वाचला असता, कारण त्याचे डोळेही माझ्यासारखेच. हस्ताक्षर फसवं असलं की दोन माणसं एकच चूक करतात. पडद्यामागच्या त्या छोट्या हिशेबाने मात्र हस्ताक्षर पाहिलंच नव्हतं. त्याने फक्त सोळा अंक एकमेकांशी जुळतात का एवढंच पाहिलं, आणि ते जुळत नव्हते. या हिशेबाला लून तपासणी म्हणतात.

शेवटचा अंक कुठून येतो

कार्डावरचे सुरुवातीचे अंक कार्ड कुठल्या नेटवर्कचं आणि कुठल्या बँकेचं ते सांगतात. मधले अंक तुमच्या कार्ड-खात्याचे. शेवटचा अंक मात्र कुणी वाटून दिलेला नसतो. तो आधीच्या सगळ्या अंकांवरून हिशेब करून काढतात आणि शेपटासारखा जोडतात. म्हणून त्याला तपास-अंक म्हणायचं.

उदाहरणासाठी मी एक नंबर बनवला आहे. तो मुद्दाम 9 ने सुरू केला, कारण आपल्याकडे चालणारी व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे ही कार्डं 9 ने सुरू होत नाहीत. त्यामुळे तो कुणाचा निघण्याची धास्ती नाही.

```
9253 6180 9447 2614
```

आता उजवीकडून सुरुवात करायची. शेवटचा 4 हा तपास-अंक, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या डावीकडच्या अंकाची दुप्पट करायची, पुढचा तसाच ठेवायचा, त्यापुढच्याची दुप्पट. असं एक सोडून एक. दुप्पट दोन अंकी आली तर त्यातून ९ वजा करायचे. म्हणजे ६ ची दुप्पट १२, त्याचे झाले ३. ९ ची दुप्पट १८, त्याचे पुन्हा ९.

सोळा अंकी नंबरात दुप्पट होणारे अंक डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे येतात. आपल्या नंबरात ते ९, ५, ६, ८, ९, ४, २, १. दुप्पट करून आणि गरज असेल तिथे ९ वजा करून त्यांचे होतात ९, १, ३, ७, ९, ८, ४, २. बेरीज ४३. तसेच राहिलेले अंक २, ३, १, ०, ४, ७, ६ आणि शेवटचा ४. त्यांची बेरीज २७. दोन्ही मिळून ७०. बेरजेच्या शेवटी शून्य आलं, म्हणजे नंबर जुळला.

बँकेने नंबर बनवताना हेच उलट केलेलं असतं. पहिल्या पंधरा अंकांची बेरीज ६६ आली. ७० व्हायला ४ कमी पडतात, म्हणून शेवटी ४.

त्या दुपारची चूक आता या नंबरावर करून पाहा. तिसऱ्या गटात 9447 आहे. त्यातला दुसरा चार 8 वाचला. ही जागा दुप्पट होणारी आहे. ४ चे ८ होत होते, आता ८ चे १६ आणि ९ वजा जाता ७. बेरीज ७० ऐवजी ६९, आणि रकाना लाल. दोन्ही चार 8 वाचले तर बेरीज ७३. शेवटच्या गटातला चारही 8 वाचला तर ७७. तिन्ही प्रकार पकडले जातात.

नऊ का वजा करायचे

अनेक जण हा नियम पाठ करतात, पण तो कशासाठी आहे ते विचारत नाहीत. मला सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच वाटते.

समजा नुसती दुप्पट केली आणि नऊ वजा केलेच नाहीत. १ ची दुप्पट २, आणि ६ ची दुप्पट १२. आपण बेरजेचा फक्त शेवटचा अंक पाहतो, त्यामुळे २ आणि १२ आपल्या लेखी सारखेच. म्हणजे कुणी १ च्या जागी ६ टाइप केला तर बेरजेला पत्ताच लागणार नाही. तसंच २ आणि ७ चं, ३ आणि ८ चं. नऊ वजा केल्यावर ० ते ९ या अंकांचे अनुक्रमे होतात ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९. नीट पाहा, दहाच्या दहा अंक हजर आहेत, एकही दोनदा आलेला नाही. फक्त क्रम बदललाय. त्यामुळे कुठल्याही एका जागचा अंक चुकला, मग तो कोणताही असो, बेरजेचा शेवटचा अंक बदलणारच. एका अंकाची चूक या तपासणीतून कधीच सुटत नाही.

मग दुप्पट तरी कशाला

नुसती बेरीज केली असती तरी एका अंकाची चूक पकडली गेलीच असती. पण हाताची दुसरी खोड वेगळी आहे. टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. 26 चा 62 होतो. नुसत्या बेरजेला हे कळत नाही, कारण क्रम बदलला तरी बेरीज तीच राहते. एक सोडून एक अंकाला दुप्पट केलं की प्रत्येक जागेचं वजन शेजारच्या जागेहून वेगळं होतं. आपल्या नंबरात 2614 मधले २ आणि ६ मिळून ४ आणि ६, म्हणजे १० देतात. उलटे झाले की ६ चे ३ आणि २ चे २, म्हणजे ५. बेरीज ६५, पकडलं.

पण इथे एक फट आहे, आणि ती नेमकी एकच आहे. प्रत्येक अंक साध्या जागेवरून दुप्पट होणाऱ्या जागेवर गेला की त्याची किंमत किती बदलते ते पाहा. १ चे २ झाले, बदल एकचा. २ चे ४, बदल दोनचा. ४ चे ८, बदल चारचा. ५ चे १ होतात, म्हणजे चार घटले. असं करत दहाही अंकांचा बदल काढला तर तो प्रत्येकाचा वेगळा येतो. अपवाद दोघांचाच, ० आणि ९. शून्याची दुप्पट शून्य, आणि नवाचे फिरून नऊच. दोघांनाही जागा बदलल्याने काही फरक पडत नाही. म्हणून ०९ चा ९० झाला तर तपासणी गप्प राहते. आपल्या नंबरात दुसऱ्या गटाच्या शेवटी शून्य आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला नऊ आहे. ते उलटे करून 9253 6189 0447 2614 असं लिहा आणि बेरीज करा. पुन्हा ७०.

ही युक्ती हान्स पीटर लून यांची. जन्म जर्मनीतला, काम अमेरिकेत आयबीएम कंपनीत. त्यांनी जानेवारी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट १९६० मध्ये ते मिळालं. त्या पेटंटात आजच्या अर्थाचा संगणक नव्हता. हातात धरून चालवायचं, फिरत्या चाकांचं एक यांत्रिक साधन होतं. हिशेब इतका सोपा का ठेवलाय ते यावरून कळतं. गुणाकार नाहीत, मोठे भागाकार नाहीत. पाढे येणाऱ्या माणसाला कागदावर एक मिनिट पुरतं.

लाल रकान्यानंतर

आता मूळ टेबलाकडे येऊ. कारण तपासणीने चूक पकडली इथवर ठीक, पण ती कुठली चूक ते ती सांगत नाही. बेरीज ६९ आली म्हणजे एक कमी पडतोय एवढंच कळतं. तो कुठल्या जागेचा, ते नाही.

आणि याच ठिकाणी मी सगळ्यात वाईट प्रकार पाहिला आहे. महिनाअखेरीला स्लिपांचा ढीग असायचा, बॅच संध्याकाळपर्यंत बंद व्हायला हवी असायची. एका सहकाऱ्याचा रकाना लाल झाला. स्लिपवरचा एक अंक फराटलेला होता. त्याने त्या जागी 1 टाकून पाहिला, 7 टाकून पाहिला, मग शेजारचा अंक बदलून पाहिला. एकदाचा रकाना हिरवा झाला, त्याने एन्टर दाबलं आणि पुढची स्लिप घेतली. पैसे दुसऱ्याच ग्राहकाच्या कार्डावर जमा झाले. ज्यांनी चेक टाकला होता त्यांना पुढच्या बिलात थकबाकी आणि लेट फी लागून आली. त्या बाई तीन वेळा शाखेत आल्या तेव्हा कुठे मूळ स्लिप शोधून काढली गेली.

यात गणित काय झालं ते समजून घ्यायला हवं. चुकीच्या नंबरातली कुठलीही एक जागा घ्या. त्या जागी दहापैकी नेमका एक अंक असा असतो की तो टाकला की बेरीज जुळते. जागा सोळा. म्हणजे एक अंक बदलून हिरवे होणारे नंबर सोळा, आणि मूळ चूक एकाच अंकाची असेल तर त्यातला खरा एकच. जो माणूस रकाना हिरवा होईपर्यंत अंक बदलत बसतो, तो तपासणीला विचारत नाही, तिच्याकडून मुकाट्याने संमती घेतो.

स्लिपवर दुसरं काहीतरी असतं, ते पाहायचं. चेकवरचं नाव, मागे लिहिलेला मोबाइल नंबर. त्यावरून ग्राहक शोधायचा, त्याच्या नावावरचं कार्ड पाहायचं आणि मग स्लिपवरचा फराटा त्याच्याशी जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर स्लिप वेगळी काढून ग्राहकाला फोन करायचा. यात पाच मिनिटं जातात. पण नोंद होऊन गेल्यावर चुकीच्या कार्डावरून पैसे परत आणायला किती दिवस लागतात, ते त्या बाईंना विचारा.

तपासणी टाइप करतानाच व्हायला हवी, रात्रीच्या बॅचमध्ये नाही, तेही यासाठीच. टाइप करणाऱ्याच्या हातात त्या क्षणी मूळ कागद असतो. रात्री बॅच चालली आणि नंबर सापडला नाही, तर रक्कम सस्पेन्स खात्यात जाऊन पडते. दुसऱ्या दिवशी स्लिप गठ्ठ्यात बांधली गेलेली असते आणि बिलाची तारीख तर कुणासाठी थांबत नाही.

ज्या चुका हिरव्या दिसतात

०९ ची फट सांगितली. आणखी काही चुका आहेत, ज्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत असायलाच हव्यात.

जोडीने आलेले अंक जोडीनेच चुकतात. 44 वाचताना 77 वाटलं, तर? आपल्या नंबरात एक चार साध्या जागेवर आहे, एक दुप्पट होणाऱ्या. दोन्ही मिळून ४ आणि ८, बारा. सात झाले तर ७ आणि ५, पुन्हा बारा. निसटलं. असंच 22 आणि 55 चं, 33 आणि 66 चं. जोड्यांमध्ये अदलाबदल लपते ती या तीनच ठिकाणी. बाकी सगळ्या पकडल्या जातात.

दुसरी चूक मला जास्त काळजीची वाटते. एक सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली, 726 चा 627 झाला, तर दोन्ही अंक एकाच प्रकारच्या जागेवर राहतात आणि बेरीज हलत नाही. आता कार्डावर अंक चार-चारच्या गटात छापलेले असतात. वाचून दाखवणारा माणूस गट वाचतो, 'एकसष्ट ऐंशी, चौऱ्याण्णव सत्तेचाळीस'. ऐकणाऱ्याने गटच मागेपुढे लिहिले, 9253 9447 6180 2614, तर? चार ही सम संख्या, त्यामुळे गट उचलून दुसरीकडे ठेवला तरी त्यातले दुप्पट होणारे अंक दुप्पटच होतात. बेरीज पुन्हा ७०. फोनवर नंबर उतरवून घेताना ही चूक होते आणि लून तिला अजिबात पाहू शकत नाही.

आणि दुसऱ्याच माणसाची स्लिप समोर ठेवून टाइप केलं तर नंबर शंभर टक्के जुळेल, कारण तो खरा नंबर आहे. फक्त चुकीच्या माणसाचा. लून 'हा नंबर नीट घडलेला आहे' इतकंच म्हणते. तो कुणाला दिलेला आहे का, चालू आहे का, या माणसाचा आहे का, यातलं काहीही ती सांगत नाही. सोळाही शून्यं टाकली तरी बेरीज शून्य येते आणि नंबर पास होतो. कुणी नुसते मनाला येतील ते सोळा अंक दाबले तरी सरासरी दहातला एक नंबर पास होणारच. म्हणून लांबी आणि सुरुवातीचे अंक वेगळे तपासावे लागतात, आणि त्यानंतर खात्यांच्या यादीत शोध.

एक्सेलची शेवटची शून्यं

शाखांमधून एक्सेलच्या फाइली यायच्या, त्यांची कथा मात्र हाताच्या चुकीहून निराळी. एक्सेलमध्ये रकाना साध्या आकड्याचा ठेवला तर तो आकड्याचे पहिले पंधराच अंक जपतो. सोळाव्याच्या जागी शून्य येतं, आणि सोळावा अंक म्हणजे तर आपला तपास-अंक! आपला नंबर तिथे 9253 6180 9447 2610 होतो आणि बेरीज ६६. अशी फाइल चढवली की दहातल्या नऊ ओळी रिजेक्ट होतात. ज्यांचा तपास-अंक मुळातच शून्य होता तेवढ्याच पास. इतक्या ओळी एकदम पडल्या आणि सगळ्या शून्यावर संपत असल्या, तर टाइप करणाऱ्याला दोष देऊ नका. रकाना टेक्स्ट करून मूळ कागदावरून पुन्हा भरावा लागतो. एकदा गेलेला अंक फॉरमॅट बदलून परत येत नाही.

ज्यांना हे स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये घालायचं आहे त्यांच्यासाठी पायथॉनमध्ये:

```python
def luhn(n):
    total = 0
    for i, ch in enumerate(reversed(n)):
        d = int(ch)
        if i % 2 == 1:
            d *= 2
            if d > 9:
                d -= 9
        total += d
    return total % 10 == 0
```

यातला `reversed` महत्त्वाचा. सोळा अंकी कार्डावर डावीकडून पहिल्या अंकापासून दुप्पट सुरू केली तरी उत्तर बरोबर येतं, म्हणून लोक तसं लिहून मोकळे होतात. मग एक दिवस अमेरिकन एक्स्प्रेसचं पंधरा अंकी कार्ड येतं आणि चांगला नंबर लाल होतो. उजवीकडून मोजलं की लांबी कितीही असो, तपास-अंक कधी दुप्पट होत नाही. आणखी एक मराठी माणसाच्या कामाची गोष्ट, पायथॉनचं `int` देवनागरी ४ सुद्धा चारच मानतं. तपासणी पास होते, पण डेटाबेसमध्ये अर्धे अंक इंग्रजी आणि अर्धे देवनागरी असा नंबर जाऊन बसतो आणि शोधताना सापडत नाही. आधी सगळे अंक 0 ते 9 मध्ये बदलून घ्या, मधल्या मोकळ्या जागा काढा, मग तपासा.

हाताने करून पाहायचं असेल तर स्वतःचा कार्ड नंबर कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर टाकू नका, कागदावर करा. नाहीतर मोबाइलवर `*#06#` दाबा. येणाऱ्या पंधरा अंकी आयएमईआय नंबराचा शेवटचा अंकही याच हिशेबाने काढलेला असतो. आधार क्रमांकाला मात्र हा हिशेब लावू नका, जुळणार नाही. तिथे व्हेरहॉफ नावाची वेगळी पद्धत आहे. ती ०९ आणि ९० ची अदलाबदलही पकडते, पण कागदावर करायला तक्ते लागतात.

आणि बँकेच्या खाते क्रमांकाचं काय? आपल्याकडे सगळ्या बँकांना लागू असा एकच तपास-अंकाचा नियम खाते क्रमांकांना नाही. प्रत्येक बँकेची लांबी आणि रचना वेगळी. ऑनलाइन पैसे पाठवायला नवीन नाव जोडताना तो क्रमांक दोनदा टाइप करायला लावतात आणि बहुतेक ठिकाणी कॉपी-पेस्ट करू देत नाहीत, ते याचसाठी. तिथे जोड लावायला शेवटचा अंक नाही, म्हणून तुमचा दुसऱ्यांदा टाइप केलेला नंबरच तपासणीचं काम करतो. दुसऱ्यांदा टाइप करताना वरच्या रकान्यात पाहू नका, पासबुकात पाहा.